व्हेन्सेलकाकांचं तळं

आमच्या कॅलेंडरच्या छापखान्यासाठी व्हेन्सेलकाकांनी तीस वर्षं बोहिन्य तळ्याचे फोटो काढले. त्यांचं नाव मेलं कधी कुणी छापलं नाही. यंदा मालकीण दारिंका म्हणाली, "काका, कॅमेरा राहू द्या. कॉम्प्युटरला लिहून सांगा, तो चित्र काढतो."

पहिल्या चित्रात प्रतिबिंब डोंगराहून उजळ आलं. काका भडकले, "याच्या बापानं तरी पाणी पाहिलंय का?" मग त्यांनी लिहिलं: पहाट, वारा नाही, ऊन फक्त शिखरावर, प्रतिबिंब डोंगराहून किंचित काळपट, काठाशी बारीक तरंग, तिथंच प्रतिबिंब उभं ताणलेलं.

चित्र हुबेहूब आलं. दारिंकानं खूश होऊन खाली छापलं, 'छायाचित्र: व्हेन्सेल ओमान.'

काका म्हणाले, "खरे फोटो काढले, तेव्हा माझं नाव आठवलं नाही होय?"