खारट आमटी

शेजारी कुणीतरी आमटीचं येसर भाजतंय. धणे, खोबरं, डाळ यांचा खरपूस वास आमच्या गच्चीपर्यंत आलाय; खोबरं मात्र जरा करपलंय.

केमो चालू होती तेव्हा याच वासानं मला मळमळायचं, म्हणून माझ्या बायकोनं, सुनंदानं, येसर भाजणंच सोडलं होतं. तोंडात सतत लोखंडाची चव असायची. स्टीलच्या चमच्यानं ती चव आणखीच वाढायची, म्हणून तिनं लाकडी चमचा आणला. मी मात्र रोज म्हणायचो, "छान झालंय." तिला बरं वाटावं म्हणून म्हणतो, असं स्वतःला सांगायचो. खरं तर मला तिचे प्रश्न नको होते.

शेवटचं सलाईन होऊन काही आठवडे गेले. आधी लिंबाचा आंबटपणा कळायला लागला. मग एका दुपारी तिनं भीत भीत येसराची आमटी केली. भाकरी कुस्करून मी घास घेतला आणि बोलून गेलो, "अगं, केवढं मीठ हे!"

ती हातातली पळी घेऊन तशीच खाली बसली. "लई खारट झाली?"

"लई."

"मग आली बाई चव! मागं एकदा मीठच टाकलं नव्हतं, तरी छान म्हणलात. तवापासून तुमच्या 'छान'वर माझा भरवसाच नाय."

ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. इतके महिने माझ्या खोट्या शब्दानं तिला स्वयंपाकघरात एकटं पाडलं होतं. ती खारट आमटी मी दोनदा मागून घेतली.

आता खाली जाऊन सांगतो, "शेजारच्यांचं खोबरं करपलंय."

"आले खोड काढायला!" असं ती म्हणेल, खुशीत.