मीटरला वाहिलेलं कुंकू

किसनरावाचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. वीज कंपनीचा हा कारकून. एका बाईला भर बाजारात चोर म्हणाला, तेही कुंकवावरून!

अमरावतीच्या फुलबाजारात पार्बताबाईचं दुकान होतं. विधवा बाई, एकच बल्ब. महिन्याला चार-पाच युनिट जळायचे. एकेचाळीस सालच्या दसऱ्यानंतर बिल आलं सोळा युनिटांचं. मी कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. तिनं माझ्याकडून कंपनीला अर्ज लिहून घेतला: मीटर तपासा, बिल दुरुस्त करा.

तपासायला किसनराव आला. मीटरच्या शिशाच्या सीलवर हळदकुंकू माखलेलं होतं. दसऱ्याला तिनं कात्री, तराजू यांच्याबरोबर मीटरचीही पूजा केली होती. हा मोठ्यानं म्हणाला, "सीलले हात लावला तुनं! लाईट चोरून राहिली!"

"चोरी केली असती त बिल कमी आलं असतं नं, बाबू? वाढलं काहून?"

 यावर तो मीटरच काढून न्यायला निघाला. मी आडवा झालो. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत कायद्यानं त्याला मीटर हलवता येत नव्हतं. तेव्हा कुठं तो गेला, पण चोर हा शब्द मागे ठेवून गेला. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. चोरीच्या दिव्याखालचा हार देवाला नको म्हणे! माझ्या घरचा हारही दुसऱ्या दुकानातून येऊ लागला. सुभद्रा, माझी बायको, म्हणाली, "लोक बोलून राहिले." मी गप्प बसलो. याची लाज मला अजून वाटते.

दुसरा अर्ज मी नागपूरच्या सरकारी विद्युत निरीक्षकाकडे धाडला. तीन आठवड्यांनी साहेब किसनरावाला बरोबर घेऊन दुकानात आले. त्यांनी ओल्या फडक्यानं सील पुसलं. कुंकवाखालचा कंपनीचा ठसा अखंड होता. मग बल्ब बंद करायला लावला. दिवा विझला, तरी मीटरची चकती सावकाश फिरतच होती. किसनरावाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साहेबांनी आपलं मीटर जोडूनही ताडून पाहिलं.

लेखी निकाल आला: मीटर सदोष, सील शाबूत, मागच्या महिन्यांच्या सरासरीनं बिल करावं. किसनराव दुरुस्त बिल ठेवून मुकाट्यानं निघाला.

"थांब," पार्बताबाई म्हणाली. "उत्तमराव, निकाल वाचा. मोठ्यानं."

मी वाचला. आजूबाजूचे हारवाले, गिऱ्हाइकं, सगळे ऐकत होते. 'सील शाबूत' हे शब्द तिनं पुन्हा वाचायला लावले. किसनराव मान खाली घालून उभा होता. मला फार बरं वाटत होतं.

मी कागद घडी करून तिला देऊ लागलो. तिनं घेतला नाही.

"घरी न्या," ती म्हणाली. "सुभद्राबाईलेई वाचून दाखवा."