शेरवानीतली आत्या

लातूरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो निवडायला अख्खं खानदान येऊन माझ्या मॉनिटरसमोर बसतं. आधीचा मॉनिटर चकचकीत होता. चमक कमी करणारा लेप असूनही बाजूची खिडकी, टेबलावरचा दिवा त्यात फिके, पण अगदी रेखीव उमटायचे. काळ्या शेरवानीचा फोटो लावला की बायका नवरदेव सोडून त्यात स्वतःचा पदर नीट करायच्या. माझं डोकंच फिरायचं.

किल्लारीच्या एका लग्नाचे निम्मे फोटो निवडून झाले आणि मी वैतागून मॅट, म्हणजे बिनचकाकीचा मॉनिटर आणला. त्यात कुणाचंच तोंड दिसेना. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी आली. नवरदेव कुरकुरला, "शेरवानी राखाडी दिसायली की!" खरं होतं. खिडकीचा उजेड सगळ्या काचेवर पसरून काळा रंग फिका पडला होता. मी खिडकीचा पडदा ओढला, तेव्हा काळं परत काळं झालं.

तेवढ्यात नवरदेवाची आत्या म्हणाली, "काल मी होते की फोटोत, ह्याच्याजवळ. आज काढून टाकलं व्हय?"

सगळे हसले. तिची समजूत घालायला मी तिचा एखादा फोटो शोधू लागलो. एकही नव्हता. लग्नभर कोठीची किल्ली तिच्याकडं होती, ती तिथून हललीच नव्हती.

मी पडदा उघडला, आत्याला आणि नवरदेवाला खिडकीजवळ बसवलं, कॅमेरा काढला. सवयीनं आत्यानं पदरासाठी मॉनिटरकडं बघितलं. त्यात काहीच दिसेना, तेव्हा नवरदेवानंच तिचा पदर नीट केला.