दुसरं कार्ड

शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी पन्नाशीत पीएचडी करायला घेतली, ती जन्मभर सांगितलेलं एकदाचं सिद्ध करायला: वाचलं की गुण वाढतात. आकडेही मनासारखे आले. मुलांनी वर्षभरात नेलेली पुस्तकं आणि त्यांचे वार्षिक गुण यांचा सहसंबंध ०.८१ निघाला. निकालांच्या प्रकरणात बाईंनी ठोकून दिलं, "वाचनामुळे गुण वाढतात."

वयानं धाकट्या मार्गदर्शक मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ ओढली. "बाई, दोन्ही बरोबरीनं वाढतात, इतकंच दिसतंय."

"अहो, ०.८१ म्हणजे काय थोडं झालं?"

"संबंध घट्ट आहे, मान्य. पण कोणामुळे कोण, हे तो आकडा सांगत नाही. तुमच्याकडे जास्त पुस्तकं कोणाला मिळतात?"

"हुशार मुलांना. त्यांना दोन कार्डं देते मी, बाकीच्यांना एकच, पहिल्यापासून..." बाईंनी जीभ चावली. मॅडम हसल्या नाहीत, एवढा त्यांचा चांगुलपणा.

बाईंनी जड हातानं वाक्य खोडलं आणि लिहिलं, "दोहोंत उच्च धन सहसंबंध आढळला. मात्र अधिक गुणांच्या मुलांना ग्रंथालयच अधिक पुस्तके देते. त्यामुळे वाचन हे गुणवाढीचे कारण आहे, असे या आकडेवारीवरून म्हणता येत नाही."

सोमवारपासून नापासांनाही दुसरं कार्ड मिळू लागलं.