लाल केलेली दोन वाक्यं

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला कीटकनाशकाची विषबाधा आम्हाला तिघांनी शिकवली: मॅडमनी वर्गात, सिस्टरनी वॉर्डात आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांनी एका तासात. फवारणीच्या दिवसांत यवतमाळला हा धडा कुणी ऑप्शनला टाकत नाही. तिघांच्या नोट्सची एकच फाइल करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझं टायपिंग बरं होतं आणि नाही म्हणायची हिंमत मुळातच नव्हती.

तिघं जुळले तिथं एकच वाक्य ठेवलं. अडलं अ‍ॅट्रोपिनवर, म्हणजे या विषावरच्या औषधावर. ते कुठवर द्यायचं? मॅडम म्हणाल्या होत्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या की पुरे. सिस्टर आणि डॉक्टर म्हणाले होते, नुसत्या बाहुल्यांवर जाऊ नका. छातीतली घुरघुर थांबली का, नाडी आणि रक्तदाब सावरला का ते बघा. मी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून लाल केली, कोण म्हणालं तेही लिहिलं आणि खाली टाकलं, 'जुळत नाही, विचारायचं आहे.'

"लाल कायले ठेवलं? एक काय ते सांग ना," मैत्रीण म्हणाली.

"मले तरी कुठं माहीत आहे?"

फाइल वर्गाच्या ग्रुपवर गेली आणि दुपारपर्यंत मॅडमच्या मोबाइलवर पोचली. इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात. त्यांनी बोलावलं. वर्ष गेलं, घरी काय सांगू, एवढंच डोक्यात.

मॅडम रागावल्या नाहीत. "चल," म्हणाल्या आणि वॉर्डाकडे निघाल्या. न रागावलेल्या मॅडमची मला जास्तच भीती वाटली.

फवारणी करताना पडलेला एक माणूस सकाळीच दाखल झाला होता. त्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला, मग तो माझ्या कानात दिला. आत अजून घुरघुरत होतं. त्यांनी वॉर्डातल्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तपासलं आणि अ‍ॅट्रोपिन पुन्हा द्यायला सांगितलं. हळूहळू छाती मोकळी झाली. तोवर मी कॉट धरूनच उभी होते.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव काढून टाकते."

"नको. राहू दे." त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. "मी शिकत होती तेव्हाच्या नोट्स होत्या माह्या. तेच शिकवून राह्यली आजवर."

माझी मार्कांची भीती गेली. मॅडमनी मोबाइल काढला आणि हाच धडा त्यांच्याकडून शिकून नर्स झालेल्या जुन्या मुलींचे नंबर शोधू लागल्या. एक वणीला होती, एक दिग्रसला, एक ढाणकीला. पहिला फोन लागेना. त्यांनी पुन्हा लावला.

"ड्यूटीवर असेल ती," त्या म्हणाल्या.