अकरा शब्दांचा सारांश

बी.कॉम.ला सरांनी मालवाहतुकीवरचा आठ पानी इंग्रजी लेख सारांशासाठी दिला. मी ओळन्‌ओळ मराठीत उतरवत बसलो आणि दुसऱ्याच पानावर वैतागलो. सर खेकसले, "आधी कळीचे शब्द काढ, समोर मराठीत अर्थ लिही, मग लेख मिटून सारांश लिही!"

अकरा शब्द निघाले. ‘क्रॉस-डॉकिंग’ मात्र डोक्यात शिरेना. वडपे गावातल्या गोदामात कामाला जाणाऱ्या आईला म्हटलं, "आलेला माल न साठवता थेट दुसऱ्या गाडीत चढवायचा, असं काहीतरी लिहिलंय."

"मग आमी रोज काय करतो? ह्या गाडीतनं उतरवायचं, लगेच त्या गाडीत चढवायचं."

मी उडालोच! तिचंच वाक्य शब्दासमोर लिहिलं, लेख मिटला आणि यादीवरून सारांश एका दमात लिहून आईला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "मग हे शिकवायला मला का न्हाय बोलवत?"