चिंतेवरचा अनुस्वार

छापखान्यात सगळे त्याला प्रूफकाका म्हणत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून नजर इतकी सरावली होती, की दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व उकारही त्याला टोचायचा.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि बायको माहेरी गेली. आठ महिने झाले. तिकडे दुपारी आईचा डोळा लागला, की ती मोबाइलवर नव्यानंच शिकलेल्या मराठी टायपिंगनं मेसेज पाठवायची.

‘तुमच्याशिवाय करमत नाही. फार खत वाटते.’

प्रूफकाकानं तत्काळ उत्तर धाडलं, ‘खत नव्हे, खंत. खत शेतात घालतात.’

पुढच्या आठवड्यात आलं, ‘तुम्हीच माझा शवास.’

‘श चा पाय मोडून व जोड. शवास म्हणजे प्रेताला.’

त्यानंतर तिकडून नुसतं ‘बरं’ आणि ‘हो’ यायला लागलं. या दोन शब्दांत सुधारण्यासारखं काही नव्हतं. घरी तो एकट्यापुरता भात टाकायचा, अन् ताटापेक्षा फोनकडेच जास्त बघायचा. महिनाभरानं आपण काय करून बसलो हे त्याला उमगलं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, शाई आणि कागदाच्या वासात बसून त्यानं जाडजूड अंगठ्यानं लिहिलं, ‘तू दिवसभर राबतेस, धड जेवत नसशील. सकाळी उठलो की डोळ्यांपुढे तुझीच चिता उभी राहते. लवकर ये.’ दोनदा वाचलं आणि पाठवलं. मनात जे होतं तेच त्याला पडद्यावर दिसलं. शब्द खराच असल्यामुळे फोननंही खाली लाल रेघ ओढली नाही.

पाचच मिनिटांत फोन वाजला.

‘‘अहो, मला जाळायची एवढी घाई?’’

‘‘काय बोलतेस भलतंच?’’

‘‘मेसेज बघा तुमचा.’’

त्यानं बघितला. कानशिलं तापली. तिकडे ती हसत सुटली.

‘‘मी रोज लिहायचे,’’ हसू ओसरल्यावर ती म्हणाली. ‘‘अन् पुसायचे. म्हटलं, काहीतरी चुकलं असेल. पुन्हा मास्तरकी ऐकायला नको.’’

मशीनच्या खडखडाटात तिला ऐकू जावं म्हणून तो ओरडलाच, ‘‘चुकांसकट पाठव गं!’’

शेजारचा बाइंडर वळून बघायला लागला.

दुसऱ्या दुपारी लांबलचक मेसेज आला. आई आता एक हात हलवते, पण निघायचं अजून नक्की नाही. गॅलरीतल्या खुर्चीत बसलं की तुम्ही मागं उभे आहात असं वाटतं. तुमच्या शर्टाला येणारा शाईचा वास आठवतो. अकरा चुका होत्या. मोजल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

त्यानं तो तीनदा वाचला आणि एवढंच लिहिलं, ‘वाचलं. अजून लिही.’